हालचाल नाही

तुम्ही खोटं बोललात. दारात बोटाचं यंत्र बसवलंत, टेबलाटेबलावरच्या कॉम्प्युटरमध्ये डोळा पेरलात, आणि सगळ्यांना जेवणाच्या खोलीत उभं करून वरून सांगायला लावलंत की यात अविश्वासाचा प्रश्नच नाही, ही नुसती शिस्त आहे. अहो, ज्याच्यावर विश्वास आहे त्याच्या खिशात हात घालून कोणी बघतं का? तुमच्या शिस्तीत एक माणूस चोर ठरला. तो कसा ठरला ते आता ऐका, आणि मध्येच उठून जाऊ नका.

औषधाच्या खोक्यात एक घडी घातलेला पातळ कागद असतो. गोळी कधी घ्यायची, कोणी घ्यायची नाही, लहान मुलाला किती द्यायची, हे सगळं मुंगीएवढ्या अक्षरात. शंभरातले नव्वद लोक तो न उघडता फेकतात. पण ज्याला तो उघडून वाचायची वेळ येते, त्याच्या घरात कोणीतरी आजारी असतं. तसले कागद जिथं छापले जात, त्या छापखान्याच्या वरच्या मजल्यावर प्रूफं तपासायची खोली होती. त्या खोलीची प्रमुख म्हणजे ताई. खालच्या मशीनवाल्यांपासून वरच्या साहेबांपर्यंत सगळे तिला ताईच म्हणत, तिच्यापेक्षा वयानं मोठे असलेलेसुद्धा.

एकटा माणूस तिला मोठाच राहिला. तो तिला 'पोरी' म्हणायचा, कारण ती पहिल्यांदा या खोलीत आली तेव्हा हातात पट्टी कशी धरायची हे त्यानंच शिकवलं होतं. त्याचं टोपणनाव भोंगा. आवाजामुळे.

त्या खोलीत काम चालायचं ते जोडीनं. एकानं मंजूर झालेली मूळ प्रत हातात घेऊन मोठ्यानं वाचायची, दुसऱ्यानं छापायच्या प्रुफावर ओळीखाली पट्टी सरकवत ऐकायचं. नुसते शब्द नाही, स्वल्पविराम, पूर्णविराम, नवी ओळ, ठळक अक्षर, सगळं बोलून. भोंगा वाचायला लागला की खिडकीची काच थरथरायची. खाली मशीनवाल्यांचं ऐकून ऐकून पाठ झालं होतं. जेवणाचा डबा उघडला की त्यांच्यातला एक तरी ओरडायचाच, "रिकाम्या पोटी घेऊ नये, पूर्णविराम!"

"भोंग्या, जरा हळू," असं कोणी म्हटलं की तो म्हणायचा, "डोळा लबाड असतो बाबा. त्याला जे असायला पाहिजे ते दिसतं. कान मठ्ठ आहे, म्हणून खरा आहे."

आणि ते खोटं नव्हतं. एकदा मुलांच्या खोकल्याच्या औषधाचं प्रूफ आलं. डावीकडं मुलाचं वजन, उजवीकडं औषधाचं माप. भोंगा आडवा वाचत होता, ताईची पट्टी खाली सरकत होती, आणि मध्येच दोघंही थांबले. उजवीकडचा सगळा रकाना एक घर खाली घसरला होता. आकडे सगळे बरोबर. फक्त प्रत्येक आकडा शेजाऱ्याच्या घरात जाऊन बसला होता. नुसत्या नजरेनं पाहिलं असतं तर ते कुणाच्या बापाला दिसलं नसतं. त्या दिवशी कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. प्रूफ दुरुस्तीला गेलं, दुसरं प्रूफ आलं. रोजचं काम होतं ते.

मग तुमची यंत्रं आली.

पहिलं दारातलं. त्यात बोट ठेवायचं, हिरवा दिवा लागला की आत. ताईनं बोट ठेवलं की यंत्र म्हणायचं, 'पुन्हा प्रयत्न करा'. भोंग्याचंही तेच. आयुष्यभर कागद चाळून चाळून बोटांची कातडी गुळगुळीत झालेली, रेषा पुसट. यंत्राला धरायला काही सापडायचंच नाही. मागं रांग खोळंबायची, पुढं हे दोघं बोट पुसतायत, फुंकर मारतायत.

"अंगठेबहाद्दर म्हणू नये कोणी म्हणून आमच्या आईनं मारून मारून शाळेत घातलं," भोंगा रांगेला ऐकू जाईल असं म्हणाला. "आता म्हातारपणी अंगठाच मागतात, आणि त्यातही नापास!"

रांग हसली. ताईही हसली. ऑफिसच्या कॉम्प्युटरवाल्यानं दुसऱ्या बोटांचे ठसे घेऊन पाहिले, तेही धड उमटेनात, तेव्हा त्यानं दोघांना गळ्यात घालायची कार्डं दिली. ते संकट तिथं मिटलं. दाराशी भांडण नव्हतंच कोणाचं. माणूस वेळेवर आला की नाही हे बघायचा मालकाला हक्क आहे, हे ताई स्वतः इतरांना सांगायची.

दुसरं यंत्र दिसत नव्हतं. ते कॉम्प्युटरच्या आत होतं. कळ किती वेळा दाबली, माऊस किती हलला, हे ते मोजायचं. अधूनमधून पडद्याचा फोटो काढायचं. थोडा वेळ कळ नाही, माऊस नाही, की तेवढा वेळ लाल रंगात रंगवायचं आणि त्यावर लिहायचं, 'हालचाल नाही'. दिवसभर प्रत्येकाच्या नावापुढं एक पट्टा भरत जायचा, थोडा हिरवा, थोडा लाल.

आता बघा, ज्या खोलीत माणसं कागद टेबलावर पसरून, एक बोलतोय आणि एक ऐकतोय, अशी दिवसभर राबतात, तिथं तो पट्टा कसा असेल? पहिल्याच आठवड्यात अख्खी खोली लालभडक. सगळ्यांत लाल भोंगा. जो सगळ्यांत जास्त ओरडत होता त्याची हालचाल नाही!

प्रमुख म्हणून ताईला आणखी एक भेट मिळाली. तिच्या कॉम्प्युटरवर एक खिडकी उघडायची, त्यात खोलीतल्या प्रत्येकाच्या पडद्याचे फोटो. तिनं ती एकदाच उघडली. तिच्या हाताखालच्या एका बाईनं मुलीच्या शिक्षिकेला निरोप लिहिला होता, तापाबद्दल, अर्धाच. ताईनं खिडकी बंद केली. चुकून दुसऱ्याच्या न्हाणीघराचं दार उघडावं तसं तिला झालं. त्या बाईशी ती दिवसभर नजर भिडवू शकली नाही, आणि त्या बाईला कळेना की ताई रागावली कशावर.

मग वरून ईमेल आली, की या विभागाची कामगिरी समाधानकारक नाही. खोलीतल्या बाकीच्यांनी हळूहळू पट्टी टेबलाच्या खणात टाकली आणि पडद्यावरच वाचायला लागले, एक हात सतत माऊसच्या चाकावर. मजकूर वर सरकायचा, खाली सरकायचा, हिरवा रंग वाढायचा. खोली शांत झाली. भोंगा मात्र ऐकेना.

"पडद्यावर वरची ओळ गेली की गेली," तो म्हणाला. "रकान्याचं नावच दिसत नाही, तर रकाना वाचायचा कसा? मी कागदावरच वाचणार."

"आणि लाल पट्टा?"

"त्याचा बंदोबस्त केलाय."

त्यानं बंदोबस्त असा केला होता, की टेबलावरच्या फिरत्या पंख्याच्या मानेला दोरा बांधला आणि दोऱ्याचं दुसरं टोक माऊसला. पंखा डावीकडं वळला की माऊस डावीकडं, पंखा उजवीकडं की माऊस उजवीकडं. पंखा इमानेइतबारे काम करत होता, आणि भोंगा शेजारी बसून कागदावर बोट ठेवून शांतपणे वाचत होता.

ताईनं ते पाहिलं. हसू आवरेना तिला. पदर तोंडाला लावून ती बाहेर गेली, डोळे पुसून परत आली, आणि काही बोलली नाही. बोलायला हवं होतं. यंत्राला फसवलं की यंत्राचंच म्हणणं खरं ठरतं, एवढं तिला कळायला हवं होतं.

कारण ते यंत्र नुसतं मोजत नव्हतं, फोटोही काढत होतं. माऊस दिवसभर हलतोय, कळ एकही दाबलेली नाही, आणि प्रत्येक फोटोत तेच पान, तसंच. यंत्रानं आपल्या भाषेत लिहिलं, 'संशयास्पद हालचाल'. माणसांनी त्याच्यापुढं आपल्या भाषेत लिहिलं, 'फसवणूक'.

साहेबांनी ताईला बोलावलं. साहेब म्हणजे या छापखान्यापुरते साहेब. त्यांच्याही डोक्यावर साहेब होते, ते दुसऱ्या इमारतीत. हा माणूस वाईट नव्हता. थकलेला होता. त्यांनी एक कागद पुढं सरकवला.

"कृत्रिम हालचाल निर्माण करून कामाचा वेळ चोरला," ताईनं वाचलं. "हे भोंग्याबद्दल?"

"विभागप्रमुखाची सही लागते. तुमची. मग पुढचं वरचे बघतील."

"पुढचं म्हणजे काढणार?"

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं आणि परत लावलं. "ताई, पंखा मी बांधला नव्हता हो."

"सोमवारपर्यंत वेळ द्या."

"सोमवारी सकाळी द्या. पण द्या."

ती खोलीत परत आली तेव्हा भोंग्याला कळलेलंच होतं. अशा बातम्यांना छापखान्यात पाय लागत नाहीत, चाकं लागतात. पंख्याचा दोरा त्यानं सोडला होता आणि नीट गुंडाळून ठेवला होता. दुपारी दोघं प्रूफ घेऊन बसले. तो वाचायला लागला आणि ताईला पुढं वाकावं लागलं. ऐकू येईना. खोकला झाल्यासारखा, दाराआडून बोलल्यासारखा आवाज.

"मोठ्यानं वाच ना."

"वाचतोय की."

"काय वाचतोयस, मला माशीसुद्धा यापेक्षा मोठ्यानं ऐकू येते."

त्यानं प्रत खाली ठेवली. "पोरी, सही करून टाक. माझ्यापायी तुझ्या पोटावर पाय नको. पण त्या कागदात चोरला असं लिहिलंय म्हणे. ते तसंच राहणार असेल तर त्यांनी काढायची वाट मी बघणार नाही. मी मंगळवारपासून येत नाही."

"आणि घरी काय सांगणार?"

"तेच कळत नाहीये," भोंगा म्हणाला. "काम संपलं म्हणून सांगितलं असतं. चोरी केली म्हणून कसं सांगू?"

संध्याकाळी ताईनं घरी भाजी चिरायला घेतली आणि त्या भाजीचा अगदी भुगा केला. नवरा समोर बसला होता. तो बस चालवायचा.

"त्या भाजीनं काय घोडं मारलंय तुझं?"

तिनं सगळं सांगितलं. सांगता सांगता आवाज चढला. त्या यंत्राचा मुडदा बशिवला, त्या खिडकीला काडी लावायची भाषा केली, उद्या सगळ्यांच्या कॉम्प्युटरच्या तारा उपटते म्हणाली. तो ऐकत राहिला. मग तिच्या हातातली सुरी काढून घेतली.

"आमच्या गाडीत कॅमेरा बसवला तेव्हा मीही लई शिव्या घातल्या होत्या. आठवडाभर. कॅमेऱ्याकडं तोंड करून."

"मग?"

"मग काय. कॅमेऱ्याला काय, त्यानं ऐकून घेतल्या. ज्याला घालायच्या तो कुठंतरी चहा पीत बसला होता. त्याला एकही पोचली नाही. उलट मीच शिवीगाळ करतो असं रेकॉर्ड झालं." तो भाजी चिरायला लागला. "यंत्राशी भांडू नकोस. यंत्राला कोणीतरी सांगितलंय ना काय बघायचं आणि काय नाही? त्याला गाठ. आणि ओरडू नकोस. ओरडलीस की ते तुझ्या ओरडण्यावरच बोलतील, मूळ गोष्ट राहील बाजूला."

ताईला रात्री झोप लागली की नाही ते विचारू नका. सकाळी ती लवकर गेली आणि कॉम्प्युटरवाल्यापाशी जाऊन बसली. भांडायला नाही, विचारायला.

"मला एक सांग. या यंत्राला कागदावर वाचलेलं कळतं का?"

"नाही कळत. त्याला फक्त कळ आणि माऊस कळतो. हालचाल नाही म्हणजे तेवढंच, की कॉम्प्युटरला हात लागला नाही. माणूस काम करतोय का झोपलाय, ते त्याला माहीतच नाही."

"मग माणूस काम करत नव्हता, असं ते का लिहितं?"

"ते तसं लिहीत नाही, ताई. आपली माणसं तसं वाचतात."

ताईनं खुर्ची जवळ ओढली. मग म्हणाली, "ज्यांचं काम कॉम्प्युटरबाहेर असतं, अशी माणसं जगात आम्हीच आहोत का? ज्यानं हे बनवलं त्याला इतकंही सुचलं नाही?"

कॉम्प्युटरवाला खुर्चीत हलला. "सुचलंय की. सोय आहे त्यात. कॉम्प्युटरपासून दूर होतो, कागदावर वाचत होतो, असं ज्याचं त्यानं नोंदवायचं. विभागप्रमुखानं मान्य केलं की लाल जाऊन तो वेळ कामात धरतात."

"मग आमच्या पडद्यावर ती का नाही?"

"बंद आहे."

"आपोआप?"

"नाही. सुरुवातीला चालू होती. मला ती बंद करायला सांगितलं." त्यानं दाराकडं पाहिलं. "लोक वाटेल ते नोंदवतील म्हणून. ताई, माझं नाव घेऊ नका. माझाही पट्टा आहे. मीही त्यातच आहे."

तर हे असं होतं. यंत्र आंधळं होतं हे खरं, पण डोळ्यावर पट्टी बाहेरून बांधलेली होती. माणसाला आपलं म्हणणं मांडायला जी एक जागा ठेवली होती ती बुजवली, आणि मग म्हणालात, याच्याकडं सांगण्यासारखं काही नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथं चोर नव्हताच, नुसता फास तयार होता आणि गळा शोधत होते.

सोमवारी ताई साहेबांच्या खोलीत गेली. भोंग्याला बरोबर नेलं. तो येत नव्हता. "मला कशाला, पंचनाम्याला?" म्हणाला. तरी नेलं. काखेत एक मूळ प्रत, एक प्रूफ, पट्टी, आणि ऑफिसनं तिला दिलेला लॅपटॉप, त्यातही तेच यंत्र. तिनं लॅपटॉप उघडून टेबलाच्या कडेला ठेवला आणि आपल्या नावाचा पट्टा पडद्यावर आणला.

"सही आणली?" साहेबांनी विचारलं.

"आधी माझं ऐका. पंखा यानं बांधला, ते खरं आहे. मी तो पाहिला आणि थांबवला नाही, हेही खरं आहे. चूक दोघांची, ती माझ्या नावासकट लिहा. आता पाचदहा मिनिटं द्या, आम्ही आमचं काम करतो. तुम्ही नुसतं बघा."

भोंगा वाचायला लागला. तोच दाराआडचा आवाज. ताईनं पट्टी थांबवली. "ऐकू येत नाही." तो पुन्हा वाचायला लागला. "ऐकू येत नाही," ती पुन्हा म्हणाली, अगदी साध्या आवाजात. तिसऱ्यांदा त्यानं घसा साफ केला आणि वाचलं, "गरोदर स्त्रियांनी डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय घेऊ नये, पूर्णविराम, नवी ओळ, ठळक." बाहेर बसलेल्या कारकुनानं मान वळवून पाहिलं. ओळीमागून ओळ गेली. एके ठिकाणी मूळ प्रतीत स्वल्पविराम होता आणि प्रुफात नव्हता, तिथं ताईनं खूण केली. साहेब पुढं झुकून पट्टीकडं बघत होते.

मग ताईनं बोट केलं लॅपटॉपकडं. पट्ट्याच्या टोकाला लाल रंग चढला होता. 'हालचाल नाही'.

 साहेबांनी चष्मा काढला.

"मला कळतंय हो ताई," ते हळू म्हणाले. "माझ्या हातात असतं तर..."

"तुमच्या हातात नाही हे मलाही कळतंय. ज्यांच्या हातात आहे त्यांना फोन लावा."

"आत्ता?"

"आत्ता. मी ओरडणार नाही."

साहेबांनी तिच्याकडं पाहिलं, भोंग्याकडं पाहिलं, आणि फोन लावला. स्पीकर चालू केला. पलीकडून तुमचा आवाज आला. हो, तुमचाच. साहेबांनी थोडक्यात सांगितलं. तुम्ही म्हणालात, "यंत्र खोटं बोलत नाही."

"बरोबर आहे," ताई म्हणाली. "ते खोटं बोलत नाही. हात लागला नाही, एवढंच ते बोललं. चोरला हा शब्द त्याचा नाही. तो कोणाचा आहे?"

तुम्ही म्हणालात, कोण बोलतंय?

"प्रूफांची प्रमुख. या कागदावर माझी सही हवी आहे ना, मी ती करणार नाही. काढायचं तर दोघांना काढा. कॉम्प्युटरबाहेरचं काम नोंदवायची सोय यात होती. ती चालू होती. नंतर बंद झाली."

तुम्ही म्हणालात, हे तुम्हाला कोणी सांगितलं?

"ते मी सांगणार नाही. पण ती सोय नव्हती, असंही तुम्ही म्हणाला नाहीत."

 मग तुम्ही म्हणालात की हा विषय मोठा आहे, आपण यावर नंतर बोलू, बैठकीत. भोंग्यानं प्रत छातीशी धरली होती. साहेबांनी फोनकडं हात नेला, ताईनं मान हलवली आणि त्यांनी हात मागं घेतला.

"नंतर नको, साहेब," ताई म्हणाली. तिचा आवाज एका रेषेनंही चढला नाही. "हा माणूस उद्यापासून येणार की नाही, ते तुमच्या उत्तरावर आहे. ती सोय बंद करायला कोणी सांगितलं, आणि ती बंद केल्यावर आमच्या कामाचा वेळ आम्ही दाखवायचा होता तरी कुठं? मी इथंच उभी आहे. सांगा."